कोल्हापूरचं बिल, बेळगावचं बिल आणि खात्यांची यादी

कर्नाटकातल्या निपाणीत दादाचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. वायर, स्विच, बोर्ड, एलईडी असा माल. तीन वर्षांपूर्वी त्याचा हिशेब मी एक्सेलमध्ये घेतला. रोजमेळ, नावे-जमा, उधारी हे तुम्हाला येतं असं धरून लिहिते. मी अडकले ती जागा, परराज्यातल्या खरेदीवरचा जीएसटी, मात्र सावकाश सांगणार आहे, कारण सीमेवरच्या दुकानाला ती हमखास लागते आणि नेटवरच्या तयार शीटमध्ये तिच्यासाठी खातंच नसतं.

त्या तयार शीट वापरू नका, हे माझं स्पष्ट मत. मी उतरवून घेतलेल्या एका शीटमध्ये शंभरावर खाती होती. त्यातली वीससुद्धा आम्ही वापरली नाहीत, आणि हवी ती दोन त्यात नव्हतीच. बाजारपेठेतल्या एका जुन्या दिवाणजींनी मला वेगळंच शिकवलं: महिनाभराची बिलं जमिनीवर पसरायची, ढीग करायचे आणि जितके ढीग तितकी खाती उघडायची. पुढे जे काही नीट झालं ते या ढिगांमुळे.

यादी साधी ठेवा. 1 ने सुरू होणारे क्रमांक आपल्याकडे असलेल्या आणि येणे असलेल्या रकमांचे, 2 ने देण्यांचे, 3 ने मालकाच्या भांडवलाचे आणि उचलीचे, 4 ने उत्पन्नाचे, 5 ने खरेदी आणि खर्चाचे. रोकड 1010, बँक 1020, व्यापाऱ्यांचं देणं 2110, खरेदी 5010. मध्ये दहा-दहा क्रमांक मोकळे सोडले की नवं खातं घुसवता येतं. नोंद करताना नाव टाइप न करता क्रमांकच निवडा. "कोल्हापूर ट्रेडर्स" आणि "कोल्हापुर ट्रेडर्स" ही एक्सेलला दोन वेगळी नावं वाटतात आणि बेरजेतून एक गुपचूप गळतं.

नोंदींच्या शीटचं नाव `Nondi` ठेवलं, त्यात C मध्ये नावे खातं, D मध्ये जमा खातं आणि E मध्ये रक्कम असली, तर खात्यांच्या शीटमध्ये क्रमांकासमोर शिल्लक अशी येते:

```
=SUMIFS(Nondi!$E:$E,Nondi!$C:$C,$A2)-SUMIFS(Nondi!$E:$E,Nondi!$D:$D,$A2)
```

सगळ्या शिलकांची बेरीज शून्य यायला हवी. आली नाही तर बहुधा यादीत नसलेला एखादा क्रमांक नोंदीत शिरलेला असतो.

आता माझी चूक. खरेदीवर भरलेल्या करासाठी मी एकच खातं उघडलं होतं, 1200, "जीएसटी येणे". बिलावर जो कर दिसेल तो तिथे टाकायचा. दादा म्हणायचा, "अगं, कर आपण भरलाय की, परत मिळणारच." मलाही ते पटलं होतं.

निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, पण दादाच्या डोक्यात ती एकच बाजारपेठ. त्यामुळे आमच्याकडे तीन तऱ्हेची बिलं येतात. प्रत्येकात माल 10,000 रुपयांचा आणि कर 18 टक्के धरू.

पहिलं बेळगावच्या व्यापाऱ्याचं. केंद्राचा सीजीएसटी 900, राज्याचा एसजीएसटी 900. दोन्हीचं क्रेडिट आपल्याला मिळतं, म्हणजे विक्रीवर भरायच्या करातून ते वजा होतात. दुसरं कोल्हापूरच्या ठोक व्यापाऱ्याचं, ज्याच्याकडे आपला जीएसटी नंबर आहे. त्यावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालाचा आयजीएसटी 1,800. तोही मिळतो.

तिसरं बिल घातक. दादा दुसऱ्या कामाला कोल्हापूरला गेला, काउंटरवर रोख देऊन माल उचलला, नंबर सांगितला नाही. दुकानदाराने गिऱ्हाईक समजून सीजीएसटी 900 आणि एसजीएसटी 900 लावला. कागदावर हे बिल अगदी बेळगावच्या बिलासारखं दिसतं! पण तो एसजीएसटी महाराष्ट्राचा आहे, कर्नाटकातल्या दुकानाला त्याचं क्रेडिट नाही. त्यासोबतच्या सीजीएसटीचंही नाही. नंबर नसल्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-2बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीतही येत नाही. ते 1,800 रुपये गेले. म्हणजे माल 10,000 चा नसून 11,800 चा पडला.

माझ्या शीटमध्ये तिन्ही बिलांचे मिळून 5,400 येणे दिसत होते, खरे येणे 3,600. नफा 1,800 ने फुगलेला. एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं, पण दादा माझ्याच शीटवरून भाव ठरवायचा. काउंटरवरून आणलेला बोर्ड शंभराला पडला असं शीट सांगायची, तो 115 अधिक कर लावून विकायचा आणि 15 सुटले म्हणायचा. प्रत्यक्षात बोर्ड पडला होता 118 ला. प्रत्येक बोर्डामागे 3 रुपये तोटा, आणि तो माल भराभर खपत होता.

घाबरू नका, रिटर्न आमची बरोबर गेली होती. भरणारे सर 2बी बघूनच क्रेडिट घ्यायचे. म्हणून तर मला वर्षभर काही कळलंच नाही. मार्चअखेर पोर्टलवरच्या क्रेडिटपेक्षा माझं 1200 खातं 23,400 ने जास्त निघालं, तेव्हा रात्रभर बिलं उलटली. वर्षात 1,30,000 चा माल असा काउंटरवरून आला होता.

आता खाती अशी आहेत. 1210 आयजीएसटी येणे, 1220 सीजीएसटी येणे, 1230 एसजीएसटी येणे. हे तीन वेगळे हवेतच, कारण सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीच्या देण्याला लावता येत नाही, आणि उलटही नाही. शिवाय खरेदीत एक जादा खातं, 5020, "कर न मिळणारी खरेदी". दुसऱ्या बिलाच्या दोन ओळी होतात: 5010 नावे 2110 जमा 10,000 आणि 1210 नावे 2110 जमा 1,800. तिसऱ्याची एकच ओळ: 5020 नावे 1010 जमा 11,800. काहीजण म्हणतील, 5010 मध्येच टाका, नफा तोच येतो. येतो, पण वेगळं ठेवलं की महिन्याला कर न मिळणारी खरेदी किती झाली ते दादाला एका आकड्यात दिसतं. तो आकडा बघूनच त्याची सवय मोडली, माझ्या बोलण्याने नव्हे.

बिल कुठल्या तऱ्हेचं हे ओळखायला विकणाऱ्याच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा. 29 म्हणजे कर्नाटक, 27 म्हणजे महाराष्ट्र. 27 असून आयजीएसटी नसेल तर ती रक्कम 5020 मध्ये, दुसरा विचार नको. बिल फाडण्याआधी आपला नंबर सांगून आयजीएसटी लावायला सांगता येतं. बिल झाल्यावर दुरुस्तीला कुणी सहज तयार होत नाही, हे अनुभवाने सांगते.

एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरनेही कोल्हापुरातून लॅपटॉप घेतला तर हेच लागू, फक्त रक्कम 5020 ऐवजी लॅपटॉपच्या किमतीत मिळवायची. आणि तुमची नोंदणीच नसेल तर 1210 ते 1230 उघडूच नका. सगळा कर किमतीतच धरा.

आधीच एका खात्यात सगळं साचलं असेल तर जुन्या नोंदी खोडू नका. मी वर्षअखेरीची एक ओळ टाकली, 5020 नावे 1200 जमा 23,400, तपशिलात बिलांचे क्रमांक लिहिले, उरलेली शिल्लक पोर्टलप्रमाणे तिन्ही खात्यांत वाटली आणि 1200 बंद केलं. तेव्हापासून दर महिन्याच्या 15 तारखेला, आदल्या दिवशी तयार झालेली 2बी समोर घेऊन, मागच्या महिन्याच्या तिन्ही खात्यांच्या नोंदी मिळवते. फरक आला तर आधी 27 ची बिलं काढते.