दंडवाला डोगे आणि रडका चीम्स: ‘तेव्हा आणि आता’चं मीम मराठीत कसं बनवावं

डावीकडे पिळदार दंडांचा, रुंद छातीचा कुत्रा. उजवीकडे तोच पिवळसर रंग, पण अंग चोरून बसलेला, केविलवाण्या चेहऱ्याचा दुसरा कुत्रा. वर ‘तेव्हा’ आणि ‘आता’, खाली एकेक वाक्य. २०२० मध्ये ही दोन चौकटींची जोडी जगभर पसरली आणि पिढ्यांची तुलना करायची म्हटलं की आजही पहिल्यांदा हीच आठवते.

दोन्ही कुत्रे शिबा इनू जातीचे आणि दोन्ही खरे. बलदंड शरीरावर जो चेहरा चिकटवलाय तो जपानमधल्या काबोसू या कुत्रीचा. तिचा मूळ फोटो २०१० चा, आणि त्यावरूनच ‘डोगे’ हे पात्र झालं. बसलेला चीम्स म्हणजे हाँगकाँगचा बॉल्ट्झी, फोटो २०१७ चा. बॉल्ट्झी २०२३ मध्ये गेला, काबोसू २०२४ मध्ये. हे सांगण्याचं कारण असं की या मीमचा सगळा जीव त्या दोन चेहऱ्यांत आहे. डोगे शांत आहे, तो ओरडत नाही. चीम्स दुष्ट नाही की मूर्ख नाही, त्याला फक्त झेपत नाहीये. वाक्यं लिहिताना हे स्वभाव सांभाळले तर अर्धं काम झालं.

आधी उजवी बाजू लिहा

बहुतेक जण डावीकडून सुरुवात करतात. जुन्या पिढीचा पराक्रम सुचतो, तो लिहून होतो आणि मग उजवीकडे काय टाकायचं यावर गाडी अडते. मी उलट करतो. हशा चीम्सच्या वाक्यावर येतो, म्हणून ते आधी हवं. डोगेचं वाक्य हे त्या हशासाठी घातलेलं आसन आहे.

चीम्सचं वाक्य म्हणजे तक्रार किंवा विनवणी. ते त्याच्याच तोंडून यायला हवं. ‘आजची मुलं लगेच कंटाळतात’ हे चीम्स बोलत नाही, ते त्याच्याबद्दल कुणीतरी वडीलधारं बोलतंय. ‘पाच मिनिटं झाली, अजून व्हिडिओ संपला नाही’ हे मात्र तो स्वतः बोलू शकतो. एवढ्या फरकाने मीम जगतं किंवा मरतं.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघू. विषय घेऊ फोटो काढण्याचा. फिल्मच्या कॅमेऱ्यात एका रोलमध्ये २४ किंवा ३६ फोटो यायचे आणि रोल धुऊन येईपर्यंत काय आलंय ते दिसायचं नाही. आज मोजदादच नाही. माझा पहिला खर्डा असा होता:

डावीकडे: जुन्या काळी लोक विचार करून फोटो काढायचे.
उजवीकडे: आजकाल लोक विचार न करता फोटो काढतात.

दोन्ही विधानं खरी आहेत आणि हसू एकालाही येणार नाही. हा निबंधाचा पहिला परिच्छेद झाला. इथे कुणी बोलत नाहीये आणि डोळ्यांपुढे काही दिसतही नाहीये. म्हणून चीम्सला एका जागी उभं केलं: सूर्यास्त, हातात फोन.

उजवीकडे: सूर्यास्ताचे १४० फोटो काढले आणि आता माझ्या फोनचं स्टोरेज पूर्ण भरलं आहे, त्यामुळे पुढचे फोटो काढता येत नाहीत.

आता चित्र आलं, पण वाक्य लांबलं आणि शेवट पडला. ‘त्यामुळे’ हा शब्द दिसला की समजावं, आपण विनोद समजावून सांगायला लागलो. कारण वाचणाऱ्याला आपोआप कळतं. ते काढून टाकलं आणि शेवटी चीम्सला काहीतरी मागायला लावलं:

उजवीकडे: सूर्यास्ताचे १४० फोटो काढले. स्टोरेज फुल. सूर्याला थांबायला सांगा ना.

हे चीम्सचं वाक्य झालं. ‘ना’ हे शेवटचं अक्षर तिथून हलवू नका, सगळा केविलवाणेपणा त्यात आहे. मराठीत ‘ना’, ‘गं’, ‘हो’, ‘की’ ही छोटी अक्षरं या कामाला फार उपयोगी पडतात.

मग डोगेला त्याच मापात बसवा

उजवीकडे आकडा आहे, प्रसंग आहे, तीन छोटी वाक्यं आहेत. डावीकडेही तसंच हवं:

डावीकडे: ३६ फोटोंचा रोल. आठ दिवसांची सहल. दोन अजून उरलेत.

इथे डोगे बढाई मारत नाही. ‘आम्ही फार शिस्तीचे होतो’ असं त्याने म्हटलं असतं तर तो बलदंड न वाटता कटकट्या वाटला असता. तो फक्त हिशेब सांगतो. दोन्हीकडे एकच गोष्ट मोजली जातेय, ती म्हणजे फोटो. डावीकडे फोटो आणि उजवीकडे एकदम अभ्यास किंवा नोकरी आली की तुलना सुटते, मग वाचणारा हसण्याऐवजी विचारात पडतो.

वरच्या पाट्याही जोडीच्या असाव्यात. ‘फोटो काढणारे, तेव्हा’ आणि ‘फोटो काढणारे, आता’. नाम तेच, बदलतो फक्त काळ. ‘आमची सोनेरी पिढी’ आणि ‘आजची बिघडलेली पिढी’ अशा पाट्या लावल्या तर निकाल आधीच लागतो आणि खालची वाक्यं कुणी वाचत नाही.

चीम्सची आणखी एक ओळख आहे. तो शब्दात मध्येच ‘म्’ घुसवून बोलतो. मराठीत ते ‘फोम्टो’, ‘बॅम्टरी’ असं जमतं: पहिल्या अक्षरानंतर ‘म्’ आणि मग पुढचं व्यंजन. पण हे एका वाक्यात एकदाच करावं. दोनदा केलं की वाचणारा अडखळतो, आणि जोडाक्षर असलेल्या शब्दात केलं तर तो शब्दच ओळखू येत नाही. आपल्या उदाहरणात ‘१४० फोम्टो काढले’ एवढं पुरे.

चित्र जुळवणं

`swole doge vs cheems` असं शोधलं की कोरा साचा मिळतो. पारदर्शक पार्श्वभूमीचे दोन वेगळे कुत्रे मिळाले तर उत्तम, कारण आकार आपल्या हातात राहतो.

मी १२०० बाय ९०० पिक्सेलचा पांढरा कॅनव्हास घेतो, म्हणजे प्रत्येकाला ६०० पिक्सेल रुंदी मिळते. वरचे १०० पिक्सेल पाट्यांना. डोगे साधारण ५०० पिक्सेल उंच, चीम्स त्याच्या निम्मा. दोघांचे पाय मात्र एकाच रेषेवर आले पाहिजेत. चीम्सला मधोमध ठेवलं तर तो हवेत तरंगतो आणि लहान वाटण्याऐवजी दूर उभा असल्यासारखा वाटतो. खाली एका रेषेत बसवला की त्याच्या डोक्यावर जी मोठी पांढरी जागा उरते, तीच त्याला बिचारा करते. ती भरू नका.

देवनागरी अक्षरांची काळजी

मराठी मीम बहुतेक वेळा बिघडतं ते इथे. इंग्रजी मीमचा तो जाड ठसठशीत फॉण्ट देवनागरीत नसतो. तो निवडलात तर सॉफ्टवेअर मुकाट्याने दुसराच एखादा फॉण्ट वापरतं आणि इंग्रजी आकडे एका वळणाचे, मराठी अक्षरं दुसऱ्या वळणाची दिसतात. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ हे मोफत फॉण्ट यासाठी चांगले. ‘बालू’ गोलसर आहे, चीम्सला शोभतो.

मजकूर टाकण्याआधी ‘विद्यार्थी’ हा एक शब्द लिहून बघा. पहिली वेलांटी ‘व’च्या नंतर आली, ‘द्य’ सुटून पाय मोडलेला ‘द्’ दिसला किंवा रफार जागेवर बसला नाही, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाहीये. काही सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगमधून दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी सुरू करावी लागते. तशी सोय नसेल तर सरळ दुसरं सॉफ्टवेअर घ्या.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते छान दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. अक्षरांभोवती जाड काळी कडही नको, तिने ‘भ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. पांढऱ्यावर साधा काळा मजकूर सगळ्यात वाचनीय.

या मापाच्या चित्रात खालचा मजकूर ४८ पिक्सेलचा ठेवला तर अर्ध्या भागात एका ओळीत साधारण १८ ते २० अक्षरं मावतात आणि तीन ओळी व्यवस्थित बसतात. चौथी ओळ लागतेय असं दिसलं तर अक्षर लहान करू नका, शब्द कापा. आपलं चीम्सचं वाक्य तीन ओळींत बसतं, आणि ‘सूर्याला थांबायला सांगा ना’ ही शेवटची ओळ एकटी खाली येते. तशी येत नसेल तर एंटर मारून आणा.

फाइल `PNG` मध्ये साठवा. `JPG` मध्ये काळ्या अक्षरांभोवती करडे डाग येतात आणि मीम दहा ठिकाणी फिरून आलं की ते डाग वाढत जातात.

कुणावर हसतोय ते पाहा

मी एकदा कामाच्या ठिकाणच्या ग्रुपवर असं मीम टाकलं होतं. डावीकडे ‘ताप असताना पण कामावर’, उजवीकडे ‘झोप नीट झाली नाही, आज सुट्टी’. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं, की तिला कित्येक महिने झोपेचा त्रास आहे आणि सुट्टी मागताना आता तिला ते मीम आठवणार. मी ते काढून टाकलं. तेव्हापासून आजार, मनाची अवस्था, पैशांची ओढाताण हे विषय मी चीम्सच्या तोंडी देत नाही. फोनची बॅटरी, स्टोरेज, हळू चालणारं इंटरनेट, अलार्म पाच वेळा पुढे ढकलणं, या गोष्टींत चीम्स म्हणजे आपण सगळेच असतो.

नेहमी जुनंच बलदंड दाखवायचं असंही नाही. उलटी मांडणी मला जास्त आवडते, कारण ती बहुतेक वेळा अधिक खरी निघते:

तेव्हाचे बाबा, चीम्स: मुलगी कितवीत आहे? थांब, हिला विचारून सांगतो.
आताचे बाबा, डोगे: रात्री तीनला डायपर बदललं. नऊला मीटिंग घेतली.

इथे एक पथ्य आहे. डोगे डावीकडेच ठेवायचा की काळाचा क्रम पाळायचा, हा प्रश्न येतो. काळाचा क्रम पाळा. ‘तेव्हा’ डावीकडे राहू दे आणि चीम्सला तिकडे न्या. चीम्स आधी दिसला की वाचणारा चमकतो, आणि ते चमकणं हाच या प्रकाराचा फायदा.

पाठवण्याआधी

चित्र फोनवर उघडा, मोठं न करता हातभर लांब धरा आणि वाचा. मग ज्याला विषय सांगितलेला नाही अशा एकाच माणसाला दाखवा आणि त्याचे डोळे बघा. डावीकडून उजवीकडे जाऊन शेवटच्या ओळीवर चेहरा हलला तर पाठवा. नजर पुन्हा डावीकडे गेली, तर दोन वाक्यांचं माप जुळलेलं नाही. परत डोगेच्या वाक्यावर बसा.