ईआरपी गो-लाइव्ह: ओपनिंग स्टॉकवर सही घेताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात 1 फेब्रुवारीला ईआरपी सुरू करायचं ठरलं होतं. चेकलिस्टमध्ये ‘ओपनिंग स्टॉक’पुढं टिक होती, खाली सहीही होती. सही शेठजींच्या पुतण्याची, आणि तो वर्षभरात गोडाऊनमध्ये फिरकलासुद्धा नव्हता. ती सही मीच घेतली होती, कारण तो समोर बसला होता.

दहा दिवस आधी मॉक कटओव्हर, म्हणजे रंगीत तालीम केली. खतावणीत सुताचा साठा 84,20,000 रुपयांचा, ईआरपीत 79,46,000. फरक 4,74,000. कन्सल्टंट मंडळी दर तपासत बसली. स्टोअरचे काका यादी चाळून म्हणाले, “डाईंगवाल्याकडं गेलेलं सूत कुठाय यात?”

नव्हतंच. मोजणी फक्त गोडाऊनची झाली होती. जॉबवर्कच्या चलनांवर 1,900 किलो सूत बाहेर होतं. 240 रुपये दरानं 4,56,000. ते जॉबवर्करच्या नावाचं वेगळं लोकेशन करून, चलन क्रमांकासह चढवलं. बेरजेची एकच ओळ टाकली असती, तर माल परत आल्यावर तो कुठल्या चलनाचा हे कळलं नसतं आणि जॉबवर्कला गेलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म आयटीसी-04 भरताना अकाउंटंट अडला असता.

उरला फरक 18,000. आता गो की नो-गो? इथं बहुतेकजण ‘किरकोळ आहे, चालतंय’ म्हणतात. ‘स्टॉक ओके’ हा निकषच नाही. आम्ही महिनाभर आधी लिहून ठेवलं होतं: फरक खतावणीच्या अर्ध्या टक्क्याच्या आत हवा. म्हणजे 42,100 पर्यंत गो, वर गेला तर तारीख पुढं. त्यामुळं शेवटच्या मीटिंगमध्ये वाद झाला नाही.

मग नव्या यादीवर काकांची सही घेतली, पानापानावर, छापल्याची तारीख-वेळ दिसेल अशी. एकूण रकमेवर अकाउंटंटची. कोऱ्या चेकलिस्टवर नाही.

आणखी एक अडथळा नेहमी शेवटच्या दिवशी निघतो, तो बिलांचा. वर्षाच्या मधे सिस्टीम बदलली की बहुतेकदा बिलांची नवी मालिका सुरू करतात. क्रमांक 16 अक्षरांत बसला पाहिजे आणि सुरुवात शून्यानं नको, नाहीतर ई-इनव्हॉइस पोर्टल तो नाकारतं. टेस्ट पोर्टलवर एक देशातलं आणि एक निर्यातीचं बिल काढून बघा. निर्यातीचं विसरतात.

जुन्या सिस्टीमवर परत फिरायची वेळही आधी ठरवा. आमची होती 1 तारखेला सकाळी अकरा, पहिला ट्रक भरायच्या आत. ई-इनव्हॉइसचा क्रमांक, म्हणजे आयआरएन, निघाल्यावर तो पोर्टलवर 24 तासांतच रद्द करता येतो, आणि तोवर टॉवेल घेऊन ट्रक पुणे रोडला लागलेला असतो.