बर्फाच्या गाभ्यावरून जुनं हवामान वाचताना या चुका टाळा

वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकात खोल भोक पाडून काढलेले बर्फाचे लांब दांडे, म्हणजेच गाभे, तिथे गोठवणाऱ्या खोल्यांत जपून ठेवतात. त्यामुळे गोव्यातल्या विद्यार्थ्यांना या विषयावर प्रकल्प करावासा वाटतो. तक्ता मांडला जातो: खोली, वय, तापमान, कार्बन डायऑक्साइड. गफलत इथेच होते, कारण वयाचा रकाना एकच असतो. तो दोनदा लागतो.

तापमान कळतं ते बर्फाच्या पाण्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून. ते वय बर्फ पडला त्या वर्षाचं. कार्बन डायऑक्साइड मात्र बुडबुड्यांत अडकलेल्या हवेतून मोजतात आणि ही हवा बर्फापेक्षा तरुण असते. वरचा बर्फ भुसभुशीत असतो. वरून भार येत जातो तसा तो दबतो, पण कणांमधल्या फटींतून हवा खेळत राहते. या थराला फिर्न म्हणतात. फटी बंद झाल्या की हवा कोंडली जाते, तोवर भोवतालचा बर्फ बराच जुना झालेला असतो.

किती जुना? अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉकचा हिशेब करून पाहू. तिथे हवा साधारण 100 मीटर खोलीवर कोंडली जाते. या थराची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे 0.65 पट धरली, तर हा थर वितळून 65 मीटर पाणी होईल. व्होस्टॉकला वर्षाला जेमतेम 2 सेंटिमीटर पाण्याइतका बर्फ पडतो. पणजीत एका पावसाळ्यात साधारण 3 मीटर पाऊस पडतो, म्हणजे आपला एक पावसाळा भरायला व्होस्टॉकला दीडशे वर्षं लागतील. 65 मीटरला 0.02 ने भागलं की 3,250 वर्षं येतात. याचा अर्थ तिथे आज कोंडली जाणारी हवा जवळजवळ आजचीच आहे आणि भोवतालचा बर्फ सव्वातीन हजार वर्षांचा.

दुसरी चूक हुशार मुलं करतात. हा फरक एकदा काढायचा आणि तोच आकडा गाभ्याच्या अख्ख्या लांबीला लावायचा. हिमयुगात बर्फ आणखी कमी पडायचा, त्यामुळे व्होस्टॉकचाच फरक काही थरांत सहा हजार वर्षांपर्यंत जातो. तो थराथरानिशी काढावा लागतो.

यावरून मोठा वाद झाला. हिमयुग संपताना आधी तापमान वाढलं की कार्बन डायऑक्साइड? 2003 साली कायों आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. व्होस्टॉकच्या सुमारे 2,40,000 वर्षांपूर्वीच्या थरांत त्यांनी तापमानाची खूण बर्फाऐवजी बुडबुड्यातल्याच आर्गॉनमध्ये शोधली, म्हणजे दोन्ही नोंदी एकाच हवेतल्या. कार्बन डायऑक्साइड अंटार्क्टिकाच्या तापमानामागून सुमारे 800 वर्षांनी, 200 इकडेतिकडे, वाढलेला दिसला. पुढे 2013 मध्ये पारनँ आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीचा काळ घेतला. जड नायट्रोजन फिर्नमध्ये तळाशी साचतो, त्याच्या प्रमाणावरून फिर्नची उंची काढून त्यांनी वयं दुरुस्त केली, तेव्हा तिथे म्हणावं असं अंतर उरलंच नाही. म्हणून ‘कार्बन डायऑक्साइड आठशे वर्षं मागे असतो’ असा सरसकट नियम कोणी सांगितला, तर कुठला गाभा, कुठला काळ आणि वय कसं काढलं, हे आधी विचारावं. शिवाय हे अंटार्क्टिकाचं तापमान आहे, जगाचं नव्हे.

आणखी एक. बुडबुडे एकाच वर्षी बंद होत नाहीत, हळूहळू बंद होतात. त्यामुळे व्होस्टॉकच्या हवेत कार्बन डायऑक्साइडची शंभर वर्षांची उसळी बसकी होऊन जाते. या हवेचा आलेख आजच्या वार्षिक मोजमापांना सरळ जोडला, तर जुन्या काळी सगळं संथ होतं असा भास होतो. जलद बदल पाहायचे तर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळचा लॉ डोम घ्यावा. तिथे बर्फ भरपूर पडतो, म्हणून बर्फ आणि हवेच्या वयातला फरक काही दशकांचाच आहे. मात्र तो गाभा फार मागे जात नाही.

तळ्याच्या गाळातही हीच खोड वेगळ्या रूपाने येते. करमळीसारख्या तळ्यात पावसाबरोबर काठावरची जुनी माती येते आणि तिच्यातला कार्बनही जुना असतो. गाळाचा सरसकट गोळा कार्बन-14 वरून वय काढायला दिला, तर थर खरा आहे त्याहून जुना निघतो. त्यापेक्षा त्या थरातलं पान किंवा बी वेचून द्यावं. खालचं वय वरच्यापेक्षा कमी आलं, तर गाळ उलटापालटा झालाय किंवा जुनी माती मिसळलीय असं समजावं.

सागवानाच्या खोडात दरवर्षी उमटणाऱ्या कड्यांत हा घोळ होत नाही, कारण कडी त्याच वर्षाची असते. तिथे मोजणी चुकते. पाऊस मध्येच खंडला तर एका वर्षात दोन कड्या दिसू शकतात, फार कोरड्या वर्षी एकही उमटत नाही. एकाच झाडाचा नमुना घेऊन मोजू नये. शेजारच्या दहा-वीस झाडांच्या अरुंद कड्या जुळवून पाहाव्यात. ज्या झाडात एका ठिकाणापुढे सगळंच एका वर्षाने सरकलेलं दिसतं, तिथे खोटी किंवा हरवलेली कडी शोधावी.