मगर, घडियाल की ॲलिगेटर? छायाचित्रावरून ओळखताना या चुका टाळा

ओळख पटवून देण्यासाठी माझ्याकडे जी छायाचित्रे येतात, त्यांच्यासोबत निष्कर्षही बहुधा तयारच असतो. एक गट म्हणतो, "मुस्कट रुंद आहे, म्हणजे ॲलिगेटर." दुसरा गट म्हणतो, "मिटलेल्या तोंडातून दात दिसत आहेत, म्हणजे मगर." दोन्ही वाक्ये अर्धवट खरी आहेत आणि म्हणूनच ती इतकी टिकून राहिली आहेत. छायाचित्रात दात दिसतो की नाही, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. जो दात दिसतो आहे तो कोणत्या जबड्यातून निघाला आहे आणि त्याचे टोक कोठे जाऊन बसले आहे, हे पाहिल्याशिवाय मगर आणि ॲलिगेटर यांच्यात निवाडा करता येत नाही.

मूळ फरक जबड्यांच्या रुंदीत आहे. ॲलिगेटरचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे तोंड मिटले की खालचे दात वरच्या दातांच्या आतल्या बाजूला जातात आणि खालचा मोठा चौथा दात वरच्या जबड्यातील एका खळगीत शिरून दिसेनासा होतो. मगरीचे दोन्ही जबडे जवळजवळ सारख्या रुंदीचे असतात. तिच्या वरच्या जबड्याच्या कडेला, नाकपुड्यांच्या थोडे मागे एक खाच असते आणि खालचा चौथा दात त्या खाचेत बाहेरून येऊन बसतो, म्हणून तोंड पूर्ण मिटलेले असतानाही तो उघडा दिसतो.

पहिली चूक: समोरून टिपलेल्या मुस्कटाच्या आकारावर विसंबणे

ॲलिगेटरचे मुस्कट रुंद व टोकाशी गोलसर आणि मगरीचे निमुळते, हे वर्णन सर्वत्र वाचायला मिळते. अमेरिकन मगर आणि अमेरिकन ॲलिगेटर शेजारी ठेवले, तर ते अगदी बरोबर ठरते. मात्र भारतीय उपखंडातील मार्श क्रोकोडाइल पाहिली की ते कोलमडते. क्रोकोडायलस गटातील सर्व मगरींमध्ये तिचे मुस्कट सर्वांत रुंद असते. त्याची लांबी तळाशी असलेल्या रुंदीच्या दीडपटीपलीकडे सहसा जात नाही. त्यात छायाचित्र समोरून घेतलेले असेल, तर ही लांबी कॅमेऱ्याच्या दिशेने असल्यामुळे चित्रात जवळजवळ नाहीशी होते आणि उरते ती केवळ रुंदी. लांब पल्ल्याची लेन्स हा परिणाम आणखी वाढवते. उलट, रुंद कोनाच्या लेन्सने जवळून घेतलेल्या चित्रात मुस्कटाचे टोक फुगून मोठे दिसते. दोन्ही बाबतीत आपण प्राण्याचा आकार मोजत नसून कॅमेऱ्याची जागा मोजत असतो.

एका वन्यजीव छायाचित्र प्रदर्शनासाठी आलेल्या चित्रांचे मथळे तपासताना या चुकीचा नमुना माझ्यासमोर आला. चिखलाच्या काठावर पहुडलेला प्राणी, तोंड मिटलेले, डोके जवळजवळ थेट कॅमेऱ्याकडे, आणि खाली मथळा "ॲलिगेटर". चित्र एका प्राणिसंग्रहालयातले होते आणि तेथे मगरी व ॲलिगेटर दोन्ही ठेवलेले असल्यामुळे स्थळावरून काही ठरवता येत नव्हते. छायाचित्रकाराने दोन कारणे दिली होती: मुस्कट लांबीइतकेच रुंद आहे आणि ओठाच्या कडेने फक्त वरचे दात खाली आलेले दिसत आहेत. त्याच्या सोबत्यांनीही तसेच सांगितले होते, त्यामुळे त्याची खात्री पक्की होती.

मी त्याच वेळी टिपलेल्या बाकीच्या फ्रेम मागवल्या. ही माझी जुनी सवय आहे आणि ती सोडण्याचे कारण मला अजून दिसलेले नाही. लोक सर्वांत देखणी फ्रेम पाठवतात आणि ओळख पटवणारी फ्रेम बहुधा नापसंत म्हणून बाजूला पडलेली असते. येथेही तसेच झाले होते. एका किंचित हललेल्या फ्रेममध्ये प्राण्याने मान वळवली होती आणि डाव्या जबड्याची पूर्ण कड दिसत होती. नाकपुडीपासून सुरुवात करून मी वरच्या ओठाच्या कडेने मागे मागे गेलो. आधी कड थोडी खाली झुकली, मग नाकपुडीच्या मागे एकदम वर आत गेली आणि त्या जागी खालून वर आलेला एक जाड, पिवळसर दात वरच्या जबड्याच्या बाहेरच्या अंगावर टेकलेला दिसला. त्याच्या मागे कड पुन्हा बाहेर फुगली होती आणि तेथून वरचे दात खाली येत होते. हा खालचा चौथा दात होता आणि प्राणी मगर होता. मुस्कटाची रुंदी लक्षात घेता मार्श क्रोकोडाइल. मग मूळ चित्राकडे परत गेल्यावर तेथेही नाकपुड्यांच्या मागे मुस्कटाला दोन्ही बाजूंनी किंचित आत गेलेली कंबर दिसली. समोरून पाहताना दात मुस्कटाच्या फुगीर भागाआड गेला होता, पण खाचेमुळे पडलेली ती कंबर लपली नव्हती.

मथळा बदलायला छायाचित्रकार तयार झाला, परंतु "इतका वेळ कोण घालवणार?" असे त्याने विचारलेच. नाकपुडीपासून खाचेपर्यंतची कड पाहायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो योग्य कोनातली फ्रेम शोधण्यात, आणि ती नसेल तर उत्तर देण्याची घाई करू नये. केवळ समोरून घेतलेल्या, कंबर स्पष्ट न दिसणाऱ्या चित्राखाली मी "मगर किंवा ॲलिगेटर, अनिश्चित" असेच लिहितो आणि इतरांनीही तसेच लिहावे असे माझे मत आहे.

दुसरी चूक: कोणताही दात दिसला की "मगर" म्हणणे

ही चूक पहिलीपेक्षा अधिक चिवट आहे, कारण ती करणाऱ्याने नियम वाचलेला असतो. फक्त अर्धा वाचलेला असतो. मिटलेल्या तोंडाच्या ॲलिगेटरचेही दात दिसतात. ते वरच्या जबड्यातले असतात आणि खालच्या ओठावरून खाली उतरतात. म्हणून दात पाहताना त्याच्या टोकाकडे नव्हे, तर मुळाकडे पाहावे. वरच्या कडेतून निघून खाली टोक असलेल्या दातांची एकच ओळ दिसली, तर ते ॲलिगेटरचे लक्षण. काही दातांची टोके खाली आणि काहींची वर अशी सरमिसळ दिसली, तर मगर. मी चित्र पूर्ण आकारात उघडतो, नाकपुडीजवळच्या भागावर येतो आणि दिसणाऱ्या प्रत्येक दाताचे मूळ कोणत्या हिरडीत आहे ते पाहत जातो. मोबाइलच्या पडद्यावर आलेल्या, दाबून लहान केलेल्या चित्रात ओल्या कातडीवरची चकाकी किंवा चिकटलेला गवताचा तुकडाही दातासारखा भासतो. अशा चित्रावर मी मत देत नाही, मूळ फाइल मागतो.

तोंड उघडे असेल, तर "चौथा दात दिसतो" या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. ऊन खात पडलेले हे प्राणी शरीराचे तापमान राखण्यासाठी बराच वेळ तोंड वासून असतात, आणि तेव्हा खालच्या जबड्यातला चौथा दात तिघांचाही दिसतो. अशा चित्रात दात सोडून वरचा जबडा पाहावा. मगरीच्या वरच्या जबड्याच्या बाहेरच्या कडेत खाच तशीच दिसते, कारण ती हाडाच्या आकारातच असते. ॲलिगेटरची कड त्या जागी सलग जाते आणि खळगी वरच्या दातांच्या ओळीच्या आत, टाळूच्या बाजूला असते. जबडा पुरेसा उघडा आणि प्रकाश आत पोहोचलेला असेल, तर ती काळसर खड्ड्यासारखी दिसतेही.

हाच उपाय दात गळालेला असताना कामी येतो. या सर्व प्राण्यांचे दात आयुष्यभर पडत आणि नव्याने येत राहतात, त्यामुळे नेमका चौथा दात जागेवर नसणे यात विशेष काही नाही. दात नाही म्हणून मगरीला ॲलिगेटर ठरवणाऱ्यांनी रिकामी खाच पाहिलेली नसते. याच्या उलट बाजूही आहे: बंदिवासात वाढलेल्या ॲलिगेटरमध्ये किंवा जबड्याला जुनी इजा झालेल्या प्राण्यात जबडे नीट जुळत नाहीत आणि खालचा एखादा दात भलत्याच जागी बाहेर येतो. अशा वेळी डोक्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. बाहेर आलेल्या दाताजवळ वरच्या कडेला खाच नसेल, तर तो दात चौथा दात म्हणून धरू नये.

काही छोट्या चुका

रंगावरून ठरवणे. चिखल, शेवाळ आणि प्रकाश यांनी रंग बदलतो. त्याला मी शेवटचे स्थान देतो.

दात मोजत बसणे. छायाचित्रात जबड्याची एखादी बाजूच दिसते आणि त्यातही अर्धे दात ओठाआड असतात.

केमनला विसरणे. केमन ॲलिगेटरच्याच कुळातले असल्यामुळे त्यांचेही खालचे दात आत लपतात. दातांवरून कूळ कळते, जात नव्हे.

स्थळ न विचारणे. ॲलिगेटर जंगली अवस्थेत फक्त अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि चीनमध्ये आढळतात, आणि ॲलिगेटर व मगर एकत्र आढळण्याबद्दल दक्षिण फ्लोरिडाच प्रसिद्ध आहे. चित्र जंगलातले असेल, तर ही माहिती फार उपयोगी पडते. पिंजऱ्यातले असेल, तर नाही.

घडियालाबाबतची चूक: घडा शोधत राहणे

घडियाल सर्वांत सोपा समजला जातो आणि बाजूने पाहिल्यास तो सोपा आहेच. लांब, अरुंद मुस्कट, आणि त्याच्या दोन्ही कडांनी एकमेकांत गुंतलेले, जवळजवळ सारख्या आकाराचे शंभराहून अधिक बारीक, अणकुचीदार दात. येथे मगरीसारखा एकच मोठा दात उठून दिसत नाही. तरीही मुस्कटाच्या टोकावर घडा, म्हणजे मडक्यासारखा फुगवटा, दिसत नाही म्हणून "हा घडियाल नव्हे" असे सांगणारे भेटतात. घडा फक्त प्रौढ नराला येतो. मादी आणि पिल्ले यांच्या मुस्कटाचे टोक साधेच असते.

दुसरा गोंधळ टोमिस्टोमा म्हणजे तथाकथित खोट्या घडियालाशी होतो. मलेशिया आणि इंडोनेशियातील या प्राण्याचे मुस्कटही अरुंद असते, परंतु ते डोक्याकडे येताना हळूहळू रुंदावत जाते. घडियालाचे मुस्कट काठीसारखे सरळ येऊन डोळ्यांच्या पुढे एकदम रुंद डोक्याला मिळते. त्यामुळे अशा चित्रात मी टोक सोडून मुस्कट आणि डोके यांचा सांधा पाहतो, आणि तो दिसण्यासाठी वरून किंवा तिरक्या कोनातून घेतलेली फ्रेम मागतो. अगदी समोरून पाहिल्यास घडियालाचे मुस्कटही आखूड दिसते आणि सांधा त्याच्याच आड जातो.