मुलाखतीनंतरची एक ओळ आणि तिच्यातला ‘हॅड’

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि सहा महिन्यांची ॲप्रेंटिसशिप एवढ्या भांडवलावर मी मंगळवारी मुलाखत देऊन आलो. निघताना एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “आठवड्याभरात कळवतो.” शुक्रवारपर्यंत माझा धीर सुटला आणि मी मेलवर एक ओळ लिहिली:

“सर, आय हॅड गिव्हन इंटरव्ह्यू ऑन ट्यूजडे, आय वॉज व्हेरी इंटरेस्टेड इन धिस पोस्ट, आय ॲम वेटिंग सिन्स थ्री डेज अँड आय ॲम शुअर यू विल सिलेक्ट मी.”

पाठवण्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवली. काका तीस वर्षं एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात होते, आता विश्रामबागेत सकाळी फिरणं आणि दुपारी पेपर. त्यांनी चष्मा चढवला, वाचलं आणि विचारलं, “वॉज इंटरेस्टेड म्हणजे? आता नाहीस का?”

माझ्या मनात ‘मला फार आवड वाटली’ असं मराठी वाक्य होतं. मराठीत ती आवड आजही आहे असंच ऐकणारा धरतो. इंग्रजीत ‘वॉज’ म्हटलं की ती गोष्ट मंगळवारीच संपल्यासारखी होते. नोकरीत रस आजही आहे, तर ‘आय ॲम इंटरेस्टेड’. ही चूक एका शब्दात सुटली.

‘हॅड’वर मात्र आम्ही अर्धा तास बसलो. मी म्हणालो, “काका, मुलाखत दिली होती, म्हणून हॅड.” ते हसले. म्हणाले, “सांगली जिल्ह्यातल्या निम्म्या अर्जांत हा हॅड असायचा. आपला ‘होती’ सरळ उचलून तिकडे ठेवतात.”

आपण ‘मी मंगळवारी मुलाखत दिली होती’ म्हणतो, तेव्हा आठवण करून देण्यासाठी तो ‘होती’ येतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला ते काम जमत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी घटना लागते, जिच्याही आधी ही पहिली घडून गेलेली असते. काकांनी उदाहरण दिलं: मी मिरज जंक्शनला पोचलो तेव्हा कोयना निघून गेली होती. इथे पोचणं भूतकाळात आणि गाडी निघणं त्याच्याही आधी, म्हणून गाडीला हॅड. माझ्या ओळीत मुलाखतीच्या पुढे काहीच घडलेलं नव्हतं. वाचणारा मनात थांबतो की बरं, मुलाखत दिली होती, आणि मग काय झालं?

मग मी हुशारीने ‘हॅव’ केलं. ‘मुलाखत दिली आहे’, म्हणजे ‘आय हॅव अटेंडेड ऑन ट्यूजडे’. तेही चुकलं. मराठीत ‘मंगळवारी दिली आहे’ बिनदिक्कत चालतं, पण इंग्रजीत वार किंवा तारीख आली की ‘हॅव’ निघून जातो. ‘काल’, ‘मंगळवारी’, ‘१२ तारखेला’ असं काही वाक्यात असेल तर साधा भूतकाळ: ‘आय अटेंडेड’. वार काढला तर ‘हॅव’ राहू शकतो. एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ काम भागतं. आणि ‘गिव्हन’ही गेलं, कारण मुलाखत आपण मराठीत देतो, इंग्रजीत उमेदवार ती अटेंड करतो.

‘सिन्स थ्री डेज’ व्याकरणाने सुधारता आलं असतं: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर थ्री डेज’. काकांनी ते अख्खं खोडलं. “त्यांनी आठवडा सांगितलाय. तीन दिवसांत वाट बघून दमलो म्हणालास तर पुढे ऑडिटच्या वेळी काय करशील?” निकाल विचारायची ओळ पुढच्या मंगळवारनंतरची, आज फक्त आभाराची. खरं तर ती बुधवारीच जायला हवी होती.

राहिलं शेवटचं, ‘आय ॲम शुअर यू विल सिलेक्ट मी’. मला तो आत्मविश्वास वाटत होता. पण निवड करणं त्यांच्या हातातलं, त्याची खात्री मी कशी देणार? घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेलो: ‘प्लीज गिव्ह मी वन चान्स, आय विल डू एनी वर्क’. त्यावर काका चिडलेच. “एनी वर्क म्हणणाऱ्याला कुठलं काम येतं हे कळत नाही बघ. तिथे काय विचारलं ते सांग.”

तिथे सुपरवायझरनी एक बुश आणि व्हर्नियर हातात दिला होता. लीस्ट काउंट ०.०२ मिमी, हे मी बरोबर सांगितलं. बाहेरचा व्यास २५.४४ वाचला. त्यांनी व्हर्नियर घेतला, जबडे मिटवले आणि मला दाखवलं: रिकाम्या व्हर्नियरवर ०.०४ दिसत होतं. झिरो एरर. खरा व्यास २५.४०. मी आधी तपासलंच नव्हतं.

काका म्हणाले, “हेच लिही.” मला पटेना, स्वतःची चूक स्वतःच सांगायची? पण चूक त्यांनीच पकडली होती, लपवण्यासारखं उरलं नव्हतं. (त्यांच्या लक्षात आली नसती तर मी आजही ती मेलमध्ये लिहिली नसती.) ओळ चार छोट्या वाक्यांची झाली:

“थँक यू फॉर मीटिंग मी ऑन ट्यूजडे. व्हेन आय मेझर्ड द बुश, आय हॅड नॉट चेक्ड द झिरो एरर. द करेक्ट रीडिंग वॉज २५.४०. आय ॲम इंटरेस्टेड इन द क्वालिटी इन्स्पेक्टर पोझिशन अँड वुड बी ग्लॅड टू टेक अ प्रॅक्टिकल टेस्ट.”

गंमत बघा, खोडलेला ‘हॅड’ परत आला, पण या वेळी हक्काने. मोजलं भूतकाळात, आणि त्याच्या आधीच तपासायचं राहून गेलं होतं. शेवटी ‘विल’ऐवजी ‘वुड’ आहे, कारण ‘आय विल टेक’ म्हटलं असतं तर परीक्षा ठरल्यासारखीच झाली असती. ‘वुड’मध्ये ‘तुम्ही बोलावलंत तर’ हे न लिहिता येतं. मला काय येतं हे २५.४० सांगतो, त्यासाठी वेगळं विशेषण लागलं नाही.

पुढचा मंगळवार उलटला, फोन नाही. बुधवारी दुसरी ओळ गेली: “आय वॉन्टेड टू आस्क इफ देअर इज एनी अपडेट.” विचारतोय आत्ता आणि काळ भूत, हे मला खटकलं. काकांनी विचारलं, दुकानात तू काय म्हणतोस? ‘जरा विचारायचं होतं.’ तसंच आहे ते, नम्रतेचा भूतकाळ. इथे मराठी तशीच उचलली तरी चालते.

दोन दिवसांनी दुसऱ्या फेरीला बोलावलं, पुढे लागलोही.

माझा एक मित्र मिरजेत अकाउंट्स असिस्टंटची मुलाखत देऊन आला, तेव्हा माझी ओळ मागून घेतली. रात्री त्याचा व्हॉट्सॲप: ‘झिरो एररच्या जागी काय टाकू?’ मी विचारलं, त्यांनी काय विचारलं होतं? म्हणाला, खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या यादीशी जुळवायला दिली, एक बिल २बीत नव्हतं, ते मी लगेच दाखवलं. चूक काही झाली नाही.

मग म्हटलं, ते बिल लिही, आणि हॅड काढून टाक.