पावसाच्या नकाशाचा ग्रे स्कॅन हातात आलाय? वाचायला बसण्याआधी एवढं करा

हवामान खात्याचा उपविभागवार पावसाचा नकाशा रिपोर्टमध्ये वापरायचाय आणि कोणीतरी त्याचा काळा-पांढरा स्कॅन पाठवलाय, तर आधी रंगीत पीडीएफ मिळते का बघा, मिळाली तर विषयच संपला. नाही मिळाली तर "गडद म्हणजे जास्त पाऊस" हे डोक्यातून काढून टाका. या नकाशात निळा म्हणजे खूप जास्त, फिकट निळा जास्त, हिरवा नॉर्मल, लाल तूट, पिवळा मोठी तूट आणि पांढरा म्हणजे पाऊसच नाही. ग्रे करताना सॉफ्टवेअर साधारणपणे हिरव्याला ५९, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन देतं, म्हणून पिवळा जवळजवळ पांढरा पडतो आणि लाल बराच काळपट येतो, म्हणजे मोठी तूट ही साध्या तुटीपेक्षा फिकट दिसते, सगळं उलटंच. त्यात हिरवा जरा गडद छापलेला असेल तर तो आणि लाल अगदी एकच दिसतात, मग नॉर्मल कुठलं आणि तूट कुठली हे नुसतं बघून सांगताच येत नाही.

म्हणून रंग सोडा आणि झूम करून आकडे कागदावर उतरवून घ्या. प्रत्येक उपविभागात तीन असतात: बारीक अक्षरात प्रत्यक्ष पाऊस, ठळक अक्षरात सरासरी, दोन्ही मिमीमध्ये, आणि कंसात टक्के फरक. स्कॅनमध्ये हमखास दोन गोष्टी जातात, ठळक-बारीक फरक आणि कंसातलं उणे चिन्ह. समजा मराठवाड्यावर ९६, १६६ आणि कंसात ४२ एवढंच दिसतंय. १६६ सरासरी धरली तर ७० मिमी कमी, म्हणजे ७० भागिले १६६, साधारण ४२ टक्के, जुळलं. उलट ९६ सरासरी धरली तर ७३ टक्के जास्त येतात, ते कंसाशी जुळत नाही. म्हणजे उणे पुसलं गेलंय आणि खरा आकडा -४२. आता तक्ता: -२० ते -५९ तूट, -६० ते -९९ मोठी तूट, -१९ ते +१९ नॉर्मल, +२० ते +५९ जास्त, त्यावर खूप जास्त. म्हणजे इथे लाल होता.

एखादा आकडा फुटला असेल तर उरलेल्या दोनांवरून तो काढता येतो, दोन फुटले असतील तर मात्र ग्रेकडे वळा, आणि तेही त्याच पानावरच्या लेजेंडमधल्या चौकोनाशी ताडून, दुसऱ्या स्कॅनशी नाही, कारण प्रत्येक स्कॅनरचं ब्राइटनेस वेगळं. नकाशावरच्या तारखाही बघून ठेवा, आठवड्याचा आणि १ जूनपासूनचा नकाशा दिसायला सेम असतो. लेजेंडमधलेच दोन चौकोन सारखे दिसत असतील तर त्या उपविभागापुढे दोन्ही शक्यता लिहा, शेजारच्या उपविभागावरून अंदाज ठोकू नका, कोकण आणि मध्य महाराष्ट्र एकमेकांना चिकटून असले तरी मध्ये सह्याद्री आहे.