पुरात खराब झालेल्या गुणपत्रकाची दुबार प्रत : मंडळाला अर्ज कसा लिहावा

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. घरातले कागदही त्यात भिजले. दहावी-बारावीचं गुणपत्रक असं भिजलं, चिखलानं माखलं किंवा फाटलं, तर मंडळाकडून त्याची दुबार प्रत मिळते. त्यासाठीचा अर्ज जेमतेम एका पानाचा असतो. तो परत येतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं : अर्ज वाचून कारकुनाला जुनी नोंद शोधता येत नाही.

अर्ज लिहायला बसण्याआधी भिजलेला कागद नीट सांभाळा, कारण तोच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. तो उन्हात टाकू नका आणि इस्त्रीही फिरवू नका. उन्हानं कागद आक्रसतो आणि ठिसूळ होतो, इस्त्रीनं छपाईची शाई वितळून पसरते. दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून सावलीत वाळवा आणि ओल धरलेले कागद बदलत राहा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई ओल्या गुणपत्रकावर उतरते. गुणपत्रक प्लॅस्टिकच्या फोल्डरला चिकटून बसलं असेल तर ओढून काढू नका. अक्षरं प्लॅस्टिकबरोबर निघून येतात, म्हणून फोल्डरसकटच जपा. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका. पुष्कळ जण फाटका कागद ‘वाचवायला’ लॅमिनेशन करतात, पण मग तो कागद खरा आहे की नाही हे तपासणं अवघड होऊन बसतं. वाळल्यावर दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि रंगीत झेरॉक्स करून ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचा भेद. गुणपत्रक हरवलं आणि गुणपत्रक खराब झालं, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. हरवलेल्यासाठी पोलिसांत तक्रार नोंदवावी लागते, तिची प्रत जोडावी लागते आणि प्रतिज्ञापत्रही मागितलं जातं. खराब झालेलं मूळ गुणपत्रक तुम्ही मंडळाला परत करत असता, त्यामुळे ‘मूळ कुठे गेलं?’ हा प्रश्नच उरत नाही. अर्ज लिहून देणारे सवयीनं ‘पुरात गहाळ झाले’ असं लिहून टाकतात, आणि अर्जासोबत तर चिखलाचं गुणपत्रक जोडलेलं असतं. असा अर्ज हमखास अडतो. कागदाचा तुकडा जरी हाती असला तरी ‘खराब झाले’ असंच लिहा. पाण्यात खरंच वाहून गेलं असेल तर मात्र ते हरवल्याचं प्रकरण आहे, त्याला पोलिसांतली नोंद हवीच.

दुसरा प्रश्न अर्ज कुणाला करायचा. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो, म्हणून अर्ज पुण्याच्या विभागीय सचिवांना. पण तुम्ही आज कुठे राहता यावर हे ठरत नाही, परीक्षा कोणत्या जिल्ह्यातल्या शाळेतून दिली यावर ठरतं. आज बार्शीत राहणाऱ्या एखाद्यानं दहावी धाराशिव जिल्ह्यातल्या शाळेतून केली असेल, तर त्याचा अर्ज लातूर विभागीय मंडळाकडे जातो. सांगली जिल्ह्यातल्या जतच्या शाळेतून दिली असेल तर कोल्हापूरकडे. पदवीचं गुणपत्रक असेल तर मंडळाचा संबंधच नाही. सोलापूरचं विद्यापीठ 2004 मध्ये सुरू झालं, त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे त्या काळातल्या पदवीसाठी कोल्हापूरलाच लिहावं लागतं.

मग माहिती जमवा. मंडळात नोंद शोधली जाते ती परीक्षेचा महिना, वर्ष आणि बैठक क्रमांक यांवरून. नाव नंतर जुळवून पाहतात. गुणपत्रकाचा वरचा भाग गेला असेल तर नेमका बैठक क्रमांकच जातो, कारण तो वरच्याच ओळीत छापलेला असतो. त्याच ओळीत केंद्र क्रमांक, जिल्हा व शाळा क्रमांक, परीक्षेचा महिना-वर्ष आणि गुणपत्रकाचा अनुक्रमांकही असतो. तो अनुक्रमांक म्हणजे बैठक क्रमांक नव्हे. दोन्ही आकडे एकाच ओळीत असल्यानं ही गल्लत फार होते. बैठक क्रमांकाच्या आधी इंग्रजी अक्षर असेल तर तेही जसंच्या तसं लिहा.

बैठक क्रमांक कुठेच दिसत नसेल तर आधी जुन्या झेरॉक्स शोधा. अकरावी प्रवेशाची फाईल, नोकरीच्या ठिकाणची फाईल, भरतीचे अर्ज अशा ठिकाणी एखादी प्रत राहिलेली असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शेऱ्याच्या रकान्यात तो पुष्कळदा लिहिलेला असतो. तिथेही नसेल तर शाळेत जा. शाळेकडे मंडळाकडून आलेल्या निकालाची प्रत असते, वर्ष सांगितलं की त्यातून सापडतो. शाळा बंद पडली असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात विचारा, दप्तर कुठे सोपवलं ते तिथे कळतं.

शाळेत तसंही जावंच लागतं, कारण अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पाठवणं हा सरळ रस्ता आहे. जनरल रजिस्टरमधल्या नोंदीशी तुमचं नाव आणि जन्मतारीख जुळते, असं त्यांनी शिफारशीत लिहून सही-शिक्का दिला की मंडळाचं निम्मं काम तिथेच होतं. सध्या शुल्क किती आणि ते कसं भरायचं तेही शाळेच्या कार्यालयातच विचारा. पावती मिळेल ती अर्जाला जोडायची.

एक उदाहरण घेऊ. मोहोळ तालुक्यातल्या सीनाकाठच्या गावची एक मुलगी मार्च 2011 मध्ये दहावी झाली. आता लग्न होऊन ती जुळे सोलापूरला राहते. गुणपत्रक माहेरी पत्र्याच्या पेटीत होतं. पाणी शिरलं, पेटी दोन दिवस चिखलात राहिली. गुणपत्रकाचा वरचा कोपरा गेला, खालचा शिक्का फुटला आणि तीन विषयांचे गुण वाचता येईनात. तिचा अर्ज असा :

प्रति,
मा. विभागीय सचिव,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
पुणे विभागीय मंडळ, शिवाजीनगर, पुणे.

मार्फत : मा. मुख्याध्यापक, (शाळेचे नाव, गाव), ता. मोहोळ, जि. सोलापूर.

विषय : पुरामुळे खराब झालेल्या माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा (इ. 10 वी), मार्च 2011 च्या गुणपत्रकाची दुबार प्रत मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

मी वरील परीक्षा आपल्या मंडळामार्फत दिली असून उत्तीर्ण झाले आहे. माझा तपशील असा :

गुणपत्रकावरील पूर्ण नाव : (आडनाव, नाव, वडिलांचे नाव)
आईचे नाव :
जन्मतारीख (शाळेच्या नोंदीप्रमाणे) :
बैठक क्रमांक :
जिल्हा व शाळा क्रमांक :

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आलेल्या पुराचे पाणी (गावाचे नाव) येथील आमच्या घरात शिरले. त्यात माझे मूळ गुणपत्रक भिजून खराब झाले. त्यावरील बैठक क्रमांकाचा भाग फाटला असून तीन विषयांचे गुण वाचता येत नाहीत. खराब झालेले मूळ गुणपत्रक या अर्जासोबत परत करत आहे.

तरी मला सदर गुणपत्रकाची दुबार प्रत मिळावी, ही विनंती. विहित शुल्क भरले असून पावती क्रमांक ____, दिनांक ____ असा आहे.

विवाहानंतर माझे नाव ____ असे आहे. तथापि दुबार प्रत मूळ नोंदीतील नावानेच मिळावी.

सहपत्रे :
1. खराब झालेले मूळ गुणपत्रक
2. शाळा सोडल्याच्या दाखल्याची साक्षांकित प्रत
3. पूरनुकसानीच्या पंचनाम्याची प्रत
4. ओळखपत्र व विवाह नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती
5. शुल्काची पावती

दिनांक, सही, सध्याचा पत्ता, मोबाईल क्रमांक

या अर्जात नुकसानीचं वर्णन दोनच वाक्यांत आहे, पण कोणता भाग गेला ते नेमकं सांगितलंय. ‘पूर्णपणे खराब झाले’ एवढंच लिहिलं आणि कारकुनाच्या हातातल्या कागदावर अर्धे गुण स्वच्छ दिसत असले, तर शंका येते. पुरानं काय काय नेलं, घरची परिस्थिती कशी झाली, हे कितीही खरं असलं तरी या अर्जात घालू नका. त्यासाठी पंचनामा आहे. घरात पाणी शिरल्याची नोंद ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या तलाठ्यांनी, केलेली असते, तिची प्रत मागून घ्या. पंचनामा झालाच नसेल तर ग्रामपंचायतीचा दाखला जोडा.

लग्नानंतरच्या नावाचं वाक्य गाळू नका. ओळखपत्रावर एक नाव आणि गुणपत्रकावर दुसरं दिसलं की अर्ज बाजूला ठेवला जातो. मात्र याच अर्जात ‘नाव बदलून द्यावे’ किंवा ‘जन्मतारीख दुरुस्त करावी’ असं चुकूनही घालू नका. दुबार प्रत म्हणजे जुन्या नोंदीची पुन्हा काढलेली प्रत. दुरुस्तीचं प्रकरण वेगळं, त्याची कागदपत्रंही वेगळी. दोन्ही एकत्र केलीत तर सोपं कामही दुरुस्तीच्या प्रकरणात अडकून पडतं. उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्रही भिजलं असेल तर त्याचा उल्लेख स्वतंत्र करा. गुणपत्रक आणि प्रमाणपत्र हे दोन निराळे कागद आहेत, एक मागितल्यावर दुसरा आपोआप येत नाही.

अर्जाच्या दोन प्रती काढा. शक्य असेल तर अर्ज स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. त्या प्रतीवर ‘सोबत मूळ खराब गुणपत्रक – 1’ ही ओळ दिसायलाच हवी. तुमच्याकडचं एकमेव मूळ तुम्ही देऊन टाकत आहात, ते दिल्याचा दुसरा पुरावा तुमच्याकडे नसतो. टपालानं पाठवायचं तर स्पीड पोस्टानं पाठवा. गुणपत्रक घडी न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा आणि पावती जपून ठेवा. पुढे चौकशीला फोन कराल किंवा स्मरणपत्र लिहाल तेव्हा आवक क्रमांक आणि तारीख आधी सांगा.

दरम्यान प्रवेशाची किंवा भरतीची तारीख आली तर डिजिलॉकरवर तुमच्या वर्षाचं गुणपत्रक मिळतं का ते पाहा. बैठक क्रमांक आणि वर्ष टाकून ते काढता येतं. सोबत मंडळाच्या शिक्क्याची अर्जाची प्रत दाखवली तर मूळ कागद आणून द्यायला मुदत मागता येते.

दुबार प्रत हातात पडली की तिथेच उभं राहून ती जुन्या फोटोशी ताडून पाहा : नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, बैठक क्रमांक, प्रत्येक विषयाचे गुण आणि एकूण. काही चुकलं असेल तर खिडकीवरून हलण्याआधीच सांगा.